नोंदीत पतीचं नाव, कार्डावर स्वतःचं: सिमच्या नावदुरुस्तीचं एक पत्र

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण ग्राहकांना अर्ज-तक्रारी लिहून देतो. सुनंदा विष्णू पवार (नाव बदललं आहे) आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मोबाईल कंपनीला आधीच पाठवलेलं एक पत्र होतं, त्याला आलेला नकार होता आणि पतीच्या मृत्यूचा दाखला होता. त्यांचं काम तसं लहान होतं. सिमच्या नोंदीतलं नाव आधार कार्डाप्रमाणे करून हवं होतं. ते अडलं होतं फक्त पत्राच्या शब्दांमुळे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

क्रमांक २०१२ पासून त्यांच्याच हातात आहे. बँकेला तोच जोडलेला, आधारला तोच, गॅसच्या नोंदणीलाही तोच. पती जिल्हा परिषदेत शिपाई होते. २०१७ मध्ये ते वारले, आणि कुटुंब निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेशही याच क्रमांकावर येतो. इतकी वर्षं कुठेच काही अडलं नाही, कारण आधारचा किंवा बँकेचा ओटीपी क्रमांकावर येतो. सिम कंपनीच्या दफ्तरी कोणाच्या नावावर आहे, हे तो ओटीपी पाहत नाही. नोंदीतलं नाव लागतं ते त्या क्रमांकावरचा हक्क दाखवायची वेळ आली की. सिम खराब झालं, फोन चोरीला गेला, सिम बंद करून दुसरं घ्यायचं झालं, तर कंपनी मूळ ओळखपत्र मागते आणि त्यावरचं नाव नोंदीशी ताडून पाहते.

सुनंदाबाईंचं सिम जुनं होऊन सारखं ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागलं, म्हणून त्या कंपनीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलाने क्रमांक टाकला, आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, हे सिम तुमच्या नावावर नाही. विष्णू पवार कोण?”

“आमचे मालक.”

“मग त्यांना घेऊन या.”

ते हयात नाहीत हे कळल्यावर त्याने आपुलकीनेच सांगितलं की मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची ना-हरकत आणा, सिम तुमच्या नावावर करून देतो. त्याच्या पडद्यावर ग्राहकाचं नाव `VISHNU PAWAR` असं दिसत होतं, त्यामुळे त्याच्या जागी कोणीही हेच सांगितलं असतं. सुनंदाबाईंच्या पुतण्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं: ‘सदर सिम माझे दिवंगत पती यांच्या नावे असून ते बदलून माझ्या नावे करावे.’ सोबत मृत्यूचा दाखला जोडला. कंपनीचं उत्तर आलं की तिन्ही मुलांची ना-हरकत आणि वारस असल्याचा पुरावा द्यावा, त्यानंतर हस्तांतरणाचा विचार होईल.

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो हा की २०१२ साली सिम घेताना कोणाचं कार्ड दिलं होतं. “माझंच. मतदानाचं. फोटोपण माझाच चिकटवला होता,” त्या म्हणाल्या. इथेच प्रकरण वेगळं झालं. सिम पतीचं कधी नव्हतंच. ते सुनंदाबाईंचं होतं आणि नोंदीत नाव चुकीचं चढलं होतं.

ही चूक कशी होते ते जुनं मतदार ओळखपत्र हातात घेतलं की समजतं. त्यावर मतदाराचं नाव असतं आणि त्याच्या लगेच खाली वडिलांचं किंवा पतीचं नाव, दोन्ही सारख्याच ठशात. त्या काळी सिमचा अर्ज कागदी असे. दुकानदार तो हाताने भरायचा, फोटो चिकटवायचा, कार्डाची झेरॉक्स जोडायचा, आणि तो गठ्ठा पुढे कुठेतरी कोणी संगणकात टाइप करायचं. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, मधे वडिलांचं किंवा पतीचं नाव, अर्जात मात्र नाव आणि पिता किंवा पती यांचे वेगळे रकाने. या गोंधळात पतीचं नाव ग्राहकाच्या रकान्यात गेलं. बायकांच्या जुन्या सिमच्या बाबतीत ही चूक मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि ती वर्षानुवर्षं झाकलेली राहते.

पण नुसता अंदाज पत्रात लिहून चालत नाही, म्हणून नोंद खरोखर कोणाची आहे हे आधी तपासलं. सुनंदाबाईंनी त्याच क्रमांकावरून १९८ ला फोन लावला. तक्रार घेण्याआधी पलीकडून ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख विचारली. त्यांनी स्वतःची सांगितली आणि ती जुळली. नाव पतीचं आणि जन्मतारीख पत्नीची, अशी नोंद होती. एका रकान्यात चूक झाली असेल तर बाकीचे रकाने खऱ्या माणसाचेच राहतात. पती वारल्यावर पत्नी वापरत असलेल्या सिमच्या नोंदीत जन्मतारीख पतीची निघाली असती. ही एक तपासणी दोन्ही प्रकार वेगळे करते.

हस्तांतरण झालं तरी नाव सुनंदाबाईंचंच लागणार, मग तोच मार्ग का नको, असं पुतण्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पहिली गोष्ट म्हणजे हस्तांतरणाच्या अर्जात ‘आधीचे ग्राहक माझे पती होते’ असं लिहून सही करावी लागते, आणि ते खरं नाही. दूरसंचार अधिनियम २०२३ ने सेवा घेताना खोटी माहिती न देण्याचं कर्तव्य ग्राहकावर टाकलेलं आहे. हेतू चांगला असला तरी सहीखालचं विधान खोटंच राहतं. दुसरी गोष्ट जास्त तातडीची. ग्राहक मयत आहे असं कंपनीला एकदा लेखी कळवलं की तो क्रमांक मयत व्यक्तीचा ठरतो, आणि कागद पूर्ण व्हायच्या आधी सेवा बंद होण्याचा धोका उभा राहतो. निवृत्तिवेतनाचे संदेश आणि बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. शिवाय पुण्यातल्या मुलीला आणि सुरतेतल्या मुलाला ना-हरकतीसाठी बोलवायचं, ते कशासाठी? जे वडिलांचं कधी नव्हतंच त्यावरचा हक्क सोडण्यासाठी.

कुणीतरी त्यांना पोर्ट करून टाका, नव्या कंपनीत नाव आपोआप नीट होईल, असंही सुचवलं होतं. त्यात मेख अशी की हस्तांतरणाची विनंती प्रलंबित असताना क्रमांक पोर्ट करता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांत ते नकाराचं एक कारणच आहे. पुतण्याचं पत्र कंपनीने हस्तांतरण म्हणून नोंदवलेलं असेल तर पोर्टचा कोडही मिळाला नसता. म्हणून सगळ्यात आधी ते पत्र मागे घेणं भाग होतं.

नवं पत्र आम्ही असं लिहिलं:

*प्रति, ग्राहक तक्रार केंद्र (कंपनीचे नाव, महाराष्ट्र व गोवा परिमंडळ)*

*विषय: माझ्याच प्रीपेड जोडणीच्या नोंदीतील ग्राहकाच्या नावाची दुरुस्ती. हस्तांतरणाची विनंती नाही.*

*महोदय,*

*वरील मोबाईल क्रमांक मी २०१२ साली माझ्या निवडणूक ओळखपत्रावर व माझ्या छायाचित्रासह घेतला असून तेव्हापासून तो माझ्याच वापरात आहे. आपल्या नोंदीत ग्राहकाचे नाव `VISHNU PAWAR` असे दिसते. ते माझ्या पतीचे नाव आहे. माझ्या निवडणूक ओळखपत्रावर ते ‘पतीचे नाव’ या ओळीत आहे व तेथून ते ग्राहकाच्या रकान्यात चुकून नोंदवले गेले आहे. माझे पती या जोडणीचे ग्राहक कधीही नव्हते.*

*नोंदीतील जन्मतारीख माझीच आहे. ती आपल्या १९८ क्रमांकावरील प्रतिनिधीने पडताळली आहे. कृपया मूळ ग्राहक अर्ज काढून त्यावरील छायाचित्र, सही व ओळखपत्राचा क्रमांक सोबतच्या निवडणूक ओळखपत्राशी ताडून पाहावा.*

*नोंदीत नाव माझ्या आधार कार्डाप्रमाणे `Sunanda Vishnu Pawar` असे करावे. निवडणूक ओळखपत्रावर आडनाव `Pavar` असे छापलेले आहे. दोन्ही कार्डे माझीच आहेत.*

*यापूर्वी माझ्या वतीने पाठवलेल्या पत्रात ही जोडणी पतीच्या नावे असल्याचे लिहिले होते. ते नोंदीतील नावावरून झालेल्या गैरसमजामुळे होते. ते पत्र व त्यातील हस्तांतरणाची विनंती मी मागे घेत आहे. दुरुस्ती होईपर्यंत सेवा खंडित करू नये.*

*आवश्यक ती डिजिटल केवायसी करण्यास मी मूळ कार्डांसह आपल्या दुकानात हजर राहण्यास तयार आहे. त्यासाठी दुकानास ‘त्याच ग्राहकाच्या तपशिलाची दुरुस्ती’ अशी सूचना द्यावी व मला तक्रार क्रमांक कळवावा.*

*आपली, (सही, मोबाईल क्रमांक, सिमवर छापलेला क्रमांक, दिनांक)*

या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विषयाच्या ओळीतलं शेवटचं वाक्य. तक्रार केंद्रात पत्र वाचणारा माणूस ते कुठल्यातरी एका प्रकारात टाकतो, आणि विषयात ‘नाव’ आणि ‘बदल’ हे शब्द जवळजवळ आले की ते हस्तांतरणात जातं. म्हणून आम्ही ‘बदल’ हा शब्द पत्रात कुठेच ठेवला नाही. पती दिवंगत असल्याचाही उल्लेख केला नाही. पती हयात आहेत की नाहीत याचा या दुरुस्तीशी संबंधच नाही. तो उल्लेख आला असता तर पत्र पुन्हा मयत ग्राहकाच्या कागदांमध्ये जाऊन पडलं असतं. मृत्यूचा दाखलाही जोडला नाही.

दोन कार्डांची कामंही वेगळी ठेवली. निवडणूक ओळखपत्र हे सिद्ध करतं की २०१२ चा अर्ज याच बाईंचा आहे, कारण त्याचा क्रमांक कंपनीच्या जुन्या अर्जावर आहे. आधार कार्ड हे सांगतं की आता नाव कसं लिहायचं. फक्त आधार जोडलं असतं तर जुन्या ग्राहकाशी दुवा राहिला नसता, आणि फक्त निवडणूक ओळखपत्र जोडलं असतं तर आडनाव पुन्हा `Pavar` झालं असतं. स्पेलिंगमधला फरक आपणच आधी सांगून टाकावा. तो वाचणाऱ्याने शोधून काढला की शंका वाढते. नाव मागायचं ते आधारवर जसं छापलं आहे अगदी तसं, त्याच क्रमाने, अक्षर न अक्षर.

आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली, म्हणजे शेवटचे चारच दिसणारी दिली, आणि दोन्ही झेरॉक्सवर आडवं लिहून ठेवलं: ‘फक्त या क्रमांकाच्या नावदुरुस्तीसाठी’, खाली तारीख आणि सही. कार्डांच्या सुट्या झेरॉक्सवर दुसऱ्यांची सिमं निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत. सिमवर छापलेला क्रमांक `8991` ने सुरू होतो (८९ म्हणजे दूरसंचार, ९१ म्हणजे भारत). तो लिहिल्याने सिम प्रत्यक्ष अर्जदाराच्या हातात आहे एवढं तरी दिसतं. एकट्याने तो मालकीचा पुरावा होत नाही.

पत्र ईमेलने गेलं आणि पोचपावतीसह टपालानेही. तक्रार क्रमांक मिळाला. थोड्याच दिवसांनी ‘जवळच्या दुकानात जावे’ एवढा एक संदेश आला आणि तक्रार बंद झाली. इथे पुष्कळ लोक पुन्हा दुकानात जातात, तिथे पुन्हा तेच ऐकतात आणि सोडून देतात. आम्ही अपील केलं. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो. तक्रारीने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच्याकडे अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नियामक प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे दिल्लीला पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नये. अपिलात आम्ही एकच मागणी ठेवली: मूळ अर्ज काढून पाहा. नाव दुरुस्त करा, असंही तिथे पुन्हा लिहिलं नाही. अर्ज काढला की बाकीचं आपोआप दिसणार होतं.

तसंच झालं. कंपनीकडून फोन आला की जुन्या अर्जावर बाईंचाच फोटो आहे, हाताने लिहिलेलं नावही ‘पवार सुनंदा विष्णू’ असंच आहे, आणि दुकानाला दुरुस्तीची सूचना दिली आहे.

पत्राने नाव स्वतःहून दुरुस्त होत नाही, हे इथे सांगायला हवं. १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी बंद झाली आहे. ग्राहकाला समोर उभं करून थेट फोटो, मूळ ओळखपत्राचा फोटो किंवा आधारची पडताळणी, आणि ओटीपी, असं सगळं डिजिटल होतं. पत्राचं काम एवढंच, की दुकानातल्या मुलाने पडद्यावर कुठला पर्याय उघडायचा ते वरून ठरवून आणणं.

ते किती खरं होतं हे त्या दिवशी दिसलं. सूचना आलेली असूनही मुलाने सवयीने हस्तांतरणाचाच फॉर्म उघडला. सुनंदाबाईंना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की ओटीपीचा संदेश पूर्ण वाचल्याशिवाय अंक सांगायचे नाहीत. संदेशात मालकी हस्तांतरणाचा उल्लेख होता. त्यांनी अंक सांगितले नाहीत आणि कंपनीचा ईमेल दाखवला. मुलाने वरिष्ठांना फोन केला, फॉर्म रद्द केला आणि दुसरा उघडला. त्या फॉर्मवर क्रमांक सक्रिय झाल्याचं वर्ष २०१२ हेच दिसत होतं आणि ग्राहकही जुनाच. अंक सांगायच्या आधी पडद्यावरचं नाव त्यांनी आधारशी एकेक अक्षर जुळवून पाहिलं.

त्याच बैठकीत नवं सिमही देतो, असं मुलगा म्हणाला. त्याला त्या दिवशी नाही म्हटलं. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्या क्रमांकावर एसएमएस बंद ठेवले जातात. नाव नोंदीत बसलं की नाही हे कळवणारा संदेशच आला नसता, आणि काही अडलं असतं तर ओटीपीही मिळाला नसता. आधी नाव पक्कं होऊ दिलं, कंपनीच्या ॲपमध्ये नवं नाव दिसल्यावर त्याचा स्क्रीनशॉट घेतला, मग सिम बदललं. या वेळी मुलाने आधार पाहिलं, नोंद पाहिली आणि काही न विचारता सिम दिलं.

मधल्या काळात त्यांच्या शेजारच्या मुलाने संचार साथी या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक शोधून त्यापुढे ‘माझा क्रमांक नाही’ असं कळवायला सांगितलं होतं, म्हणजे कंपनीला चूक कळेल. हे कोणीही करू नये. तो पर्याय दुसऱ्याने आपल्या नावावर काढलेलं सिम बंद करण्यासाठी आहे. तो निवडला असता तर स्वतःचाच क्रमांक बंद करण्याची विनंती स्वतःच दिल्यासारखं झालं असतं.

हे पत्र सगळ्यांना लागू पडणार नाही. मूळ अर्जावर खरोखर पतीचा किंवा वडिलांचा फोटो आणि त्यांचंच ओळखपत्र असेल, तर सिम त्यांचंच आहे. ते हयात असतील तर दोघांनी मिळून हस्तांतरण करायचं, नसतील तर दाखला आणि वारसांची ना-हरकत, हाच सरळ मार्ग. तिथे ‘दुरुस्ती’ म्हणून पत्र पाठवलं तर जुना अर्ज काढल्यावर ते खोटं ठरेल. लग्नानंतर किंवा राजपत्रात जाहीर करून नाव बदललं असेल तर जुनं आणि नवं नाव जोडणारा कागद सोबत लागतो, आणि आधी आधारवरचं नाव बदलून घ्यावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा सिमच्या नोंदीसारखं करण्यासाठी आधारला हात लावू नये. काही जण घाईत तेच करतात आणि मग बँक, पॅन, रेशन सगळीकडे नावं विसंगत होऊन बसतात. आणि जुन्या काळी दुकानदाराने कुणा अनोळखी माणसाच्या कागदांवर चालू करून दिलेलं सिम असेल, तर त्यावर कुठल्याच पत्राचा उपयोग नाही. बँक आणि आधारला आधी स्वतःच्या नावावरचा दुसरा क्रमांक जोडावा, तो सगळीकडे चालतो याची खात्री करावी, आणि मगच जुना सोडावा.